सहकारी साहेबांकडे आपल्याबद्दल खोटं सांगतो तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं कारखान्यातल्या पर्चेस, स्टोअर, प्रॉडक्शन अशा विभागांत काम करणाऱ्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. ऑफिस कुठलंही असलं तरी कान भरणारा माणूस तोच असतो. पण कारखान्यात एक सोय असते, तिथे मालाच्या प्रत्येक हालचालीचा कागद होतो आणि तो वेगवेगळ्या हातांनी होतो. म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. ते काल्पनिक आहे, पण चाकण, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत काम केलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटेल.

आधी ते उदाहरण सांगा.

वाहनांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. पर्चेसमध्ये एक मॅडम, स्टोअरला एक इन्चार्ज, दोघांच्या वर प्लांट हेड. शुक्रवारी, १३ जूनला, दुसऱ्या शिफ्टला ऑइल सील संपले आणि लाइन थांबली. ती शनिवारी दुपारी दीडला सुरू झाली. मधल्या वेळेत प्लांट हेडनी स्टोअर इन्चार्जना केबिनमध्ये बोलावून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "सर, पर्चेसने पीओच उशिरा टाकली. ९ तारखेची पीओ आहे, माल कुठून येणार?" मॅडमना हे माहीतच नव्हतं. सोमवारी प्लांट हेड जाता जाता त्यांना म्हणाले, "पीओ जरा वेळेवर टाकत जा," आणि पुढे गेले.

खरं काय घडलं होतं? पीओ, म्हणजे सप्लायरला दिलेली खरेदीची ऑर्डर, ३ जूनला गेली होती. सप्लायरने त्याच दिवशी मेलवर ती स्वीकारली. ९ तारखेला दरात छोटी दुरुस्ती झाली, त्यामुळे ईआरपीतून काढलेल्या प्रिंटवर ९ जून ही तारीख येते. माल बुधवारी, ११ जूनला, दुपारी ४.४० ला गेटवर आला. सोबत टेस्ट सर्टिफिकेट नव्हतं. स्टोअरने फोन केला, मॅडमनी सप्लायरकडून ते मागवून गुरुवारी सकाळी १०.२० ला मेल केलं. पण माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, झाली शनिवारी सव्वाअकराला. जीआरएनशिवाय क्वालिटी विभाग माल तपासत नाही आणि तपासल्याशिवाय तो लाइनवर जात नाही. माल दोन दिवस स्टोअरच्या दारातच पडून होता.

हे खोटं आहे की गैरसमज? कसं ओळखायचं?

हा प्रश्न पहिला सोडवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. "पीओ ९ तारखेची आहे" हे वाक्य कागदावरून खरं ठरतं. नुसती प्रिंट पाहिलेला कुणीही तसंच म्हणेल. तेवढ्यावर त्याला खोटारडा ठरवायला गेलात तर पहिल्याच मिनिटाला तोंडघशी पडाल.

कसोटी अशी : बोलताना त्याला दुसरी बाजू माहीत होती का? इथे गेट इनवर्ड रजिस्टरमध्ये बुधवारच्या नोंदीपुढे स्टोअरची सही आहे. म्हणजे माल बुधवारी आला हे इन्चार्जना ठाऊक होतं. सर्टिफिकेटचा मेल त्यांच्याच नावावर गेला आहे. पीओच्या तारखेबद्दल त्यांची चूक झाली असेल, पण "माल कुठून येणार" हे वाक्य माल दारात असताना म्हटलं आहे. तिथे गैरसमजाला जागा उरत नाही.

आणि हीच कसोटी स्वतःलाही लावा. सर्टिफिकेट मालासोबत आलं नाही, ही गोष्ट पर्चेसकडेच येते. बुधवारी संध्याकाळपासून गुरुवारी सकाळपर्यंतचा उशीर मॅडमच्या खात्यावर आहे. साहेबांकडे जाण्याआधी आपल्या बाजूचं असं काय आहे ते शोधून ठेवा आणि ते आपणच आधी सांगा. ते दुसऱ्याच्या तोंडून निघालं तर उरलेलं सगळं खरं असूनही पातळ पडतं.

साहेबांनी मला काहीच विचारलं नाही, मला तिसऱ्याकडून कळलं. आता काय करू?

ज्याने सांगितलं त्याचं नाव बाहेर येता कामा नये. "मला अमक्याने सांगितलं की तुम्ही सरांना असं म्हणालात" या एका वाक्याने तीन गोष्टी होतात. सांगणारा अडकतो, खोटं बोलणारा सावध होतो आणि साहेबांना वाटतं की आपल्या केबिनमधलं बोलणं बाहेर फिरतंय. मग त्यांचा राग फिरतो तो खोट्यावरून फिरवण्यावर.

त्याऐवजी घटनेबद्दल विचारा. "सर, शुक्रवारच्या लाइन स्टॉपचं कारण आपण काय धरलंय? पर्चेसच्या बाजूने काही सुधारायचं असेल तर मला बघायला हवं." हा प्रश्न विचारणं तुमच्या कामाचाच भाग आहे, त्यासाठी कुणाचा हवाला लागत नाही. साहेब उत्तर देतील तेव्हा ते खोटं त्यांच्या तोंडून तुमच्यापुढे येईल, आणि मग तुम्ही त्याला उत्तर देऊ शकता. साहेब म्हणाले, "काही नाही, झालं ते झालं," तर घाई करू नका, पण पुढचा प्रश्न नक्की वाचा.

तोंडी खोटं विरून जाईल ना? दुर्लक्ष केलं तर?

पुष्कळदा जातं विरून. जेवणाच्या टेबलावरची चहाडी, "ती जरा लवकर निघते" छापाचं बोलणं, याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. प्रत्येक गोष्टीचा खुलासा करत फिरणाऱ्याबद्दल साहेबांचं मत त्या खुलाशांमुळेच बिघडतं.

पण खोटं कागदावर चढणार असेल तर थांबू नका. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कारखान्यात लाइन थांबली की मूळ कारण शोधण्याची प्रक्रिया होते. पाच वेळा 'का' विचारतात आणि त्यातून सुधारणेचा अहवाल निघतो, त्याला तिथे सगळे 'कापा' म्हणतात. त्यात 'पीओ उशिरा टाकली' असं मूळ कारण म्हणून एकदा लिहिलं गेलं, की उपाय म्हणून पर्चेसला ट्रेनिंग लागतं, ऑडिटर पुढच्या खेपेला तेच उघडून बसतो आणि वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये कुणीतरी त्याच ओळीवर बोट ठेवतं. तोपर्यंत ते कुणी, कधी, कुठल्या तणावात म्हटलं होतं हे कुणाच्याच लक्षात नसतं. म्हणून मुदत मोजायची ती 'कापा' बंद होण्याआधीची. इतर ऑफिसांत त्याच जागी मीटिंगचे मिनिट्स, ग्राहकाला जाणारं पत्र किंवा अप्रेझलचा फॉर्म असतो.

आधी त्या सहकाऱ्याशी बोलू की थेट साहेबांकडे जाऊ?

साहेब आजच काही निर्णय घेणार असतील, मेमो किंवा ग्राहकाला पत्र जाणार असेल, तर थेट साहेबांकडे. नसेल तर आधी सहकाऱ्याकडे जा, असं माझं मत आहे. त्यात माझा भोळेपणा नाही. ज्याने गोष्ट बिघडवली त्यानेच ती दुरुस्त केली तर ती सगळ्यात पक्की बसते, आणि उद्या "मला एका शब्दाने विचारलं नाही, सरळ वर गेल्या" असं म्हणायला जागा राहत नाही.

बोलणं एकांतात, उभ्याउभ्या, दोन मिनिटांचं हवं. आवाज कामाचाच. "शुक्रवारचं कारण पीओवर आलंय असं सरांच्या बोलण्यावरून वाटलं. तुमच्या प्रिंटवर ९ तारीख दिसत असेल, ती दर बदलल्याची आहे. मूळ पीओ ३ ची आहे आणि माल बुधवारी आत आलाय. 'कापा'त ते बरोबर जायला हवं. तुम्ही सरांना सांगताय की मी सांगू?"

या बोलण्यात 'तुम्ही खोटं बोललात' हे कुठेच नाही. प्रिंटच्या तारखेचं दार मुद्दाम उघडं ठेवलंय, त्यातून त्याला अब्रू राखून बाहेर पडता येतं. शेवटचा प्रश्न मात्र पक्का आहे. सांगितलं जाणार आहे हे ठरलेलं आहे, कुणी सांगायचं एवढंच त्याच्या हातात आहे. "मी सांगतो" म्हणाला तर संध्याकाळपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांकडे "काल स्टोअरकडून पीओच्या तारखेबद्दल आलं असेलच" अशी सुरुवात केली की त्याने सांगितलं की नाही तेही कळतं.

इतका शहाणपणा प्रत्येकाशी चालत नाही. जो माणूस हे बोलणं उचलून "मला धमकावलं" म्हणून वर नेईल, त्याच्याशी एकट्याने बोलू नका.

कोणते कागद न्यायचे?

कमी आणि दुसऱ्यांच्या हातचे. स्वतःच्या बाजूने स्वतःच तयार केलेली एक्सेल शीट साहेब पाहतील, पण मनात म्हणतील की ही तर तुम्हीच केलीय. भांडण सुरू होण्याआधी, ज्याला यात काही देणंघेणं नव्हतं अशा माणसाने केलेली नोंद जास्त बोलते. इथे तसे चार कागद आहेत. ३ जूनचा सप्लायरचा पीओ स्वीकारल्याचा मेल. ११ जूनचं गेट रजिस्टरचं पान, ते सिक्युरिटीच्या हातचं असतं. १२ जूनचा सर्टिफिकेट पाठवल्याचा मेल. आणि १४ जूनची जीआरएन, जिची वेळ ईआरपीने स्वतः टाकलेली असते.

हे चारही एका पानावर, तारखेच्या ओळीने. वर शीर्षक 'ऑइल सील : पीओ ते लाइन'. खाली शेरा नको. बुधवार ते शनिवार हे अंतर साहेबांच्या डोळ्यांना आपोआप दिसतं, आणि जे त्यांनी स्वतः पाहिलं ते त्यांना कुणी पटवून द्यावं लागत नाही. तुम्ही त्यावर लाल पेनाने गोल केलात तर मात्र ते पान आरोपपत्र होतं.

गेट रजिस्टरचा फोटो काढायला सिक्युरिटी केबिनमध्ये गाजावाजा करत जाऊ नका. नोंदीचा अनुक्रमांक लिहून घेतला तरी पुरतं, साहेबांना हवं असेल तर ते रजिस्टर मागवतील. कंपनीचे कागद स्वतःच्या खासगी मेलवर पाठवणं तर अजिबात नको. बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत तो गैरवर्तनाचा प्रकार धरला जातो. मग खोटं बोलणारा सुटतो आणि चौकशी तुमची सुरू होते, हे होताना पाहिलं आहे.

साहेबांपुढे नेमकं काय बोलायचं?

वेळ मागून घ्या. "सर, पाच मिनिटं हवीत, शुक्रवारच्या लाइन स्टॉपबद्दल." सकाळची मीटिंग संपल्यावर लगेच नको, तेव्हा दारात चार माणसं उभी असतात.

मग साधारण असं : "सर, तुम्ही सोमवारी पीओ वेळेवर टाकायला सांगितलंत, म्हणून मी तारखा काढल्या. पीओ ३ ला गेलीय. प्रिंटवर ९ दिसते ती दराच्या दुरुस्तीमुळे. माल ११ ला आत आला. सर्टिफिकेट मालाबरोबर नव्हतं, ते माझ्याकडून गुरुवारी सकाळी गेलं, तो उशीर आमचा. जीआरएन शनिवारी झालीय. 'कापा'त मूळ कारण लिहिण्याआधी एवढं तुमच्या नजरेला आणावं म्हटलं."

आणि गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड जातं. माणसाला पुढे बोलावंसं वाटतं, की हे पहिल्यांदा नाही सर, मागच्या दिवाळीतही असंच झालं होतं, त्यांना पर्चेसबद्दल पहिल्यापासून आकस आहे. तिथे विषय ऑइल सीलवरून निघून दोन माणसांच्या वैरावर जातो, आणि वैर मिटवायचं म्हणजे साहेबांच्या भाषेत दोघांनाही समज देणं. "टाळी एका हाताने वाजत नाही" हे वाक्य ऐकायची वेळ आलीच म्हणून समजा.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे ते खोटं बोलले?" तर उत्तर : "त्यांनी काय पाहून सांगितलं ते मला माहीत नाही, सर. कागदावर हे आहे." खोटारडा ठरवण्याचं काम साहेबांचं. तुम्हाला दुरुस्ती हवी आहे, ती मिळाली की तुमचं काम झालं.

त्याने सगळ्यांसमोर, मीटिंगमध्येच म्हटलं तर? तिथेही गप्प बसायचं?

पूर्ण गप्प नाही. भरल्या मीटिंगमधलं मौन हे कबुली म्हणून धरलं जातं, विशेषतः मिनिट्स लिहिणारा समोर बसलेला असेल तर. एक वाक्य तथ्याचं आणि एक वाक्य पुढच्या वेळेचं, एवढंच बोला. "सर, पीओ ३ तारखेची आहे. गेट एंट्री आणि जीआरएनच्या तारखा एकत्र काढून अकरापर्यंत तुमच्याकडे देते." तो पुन्हा काही म्हणाला तर "अकराला कागदावर पाहू" एवढंच. तिसरं वाक्य नाही. आणि अकरा म्हटलंत तर पावणेअकराला पान टेबलावर हवं.

मिनिट्समध्ये 'पर्चेसकडून उशीर' असं आलं तर ते पाठवणाऱ्याला त्याच दिवशी मेल करा : 'मुद्दा ४ मध्ये पीओची तारीख ३ जून अशी दुरुस्त करावी, संदर्भ जोडला आहे.' मिनिट्स ज्यांना गेले त्याच लोकांना उत्तर जाऊ दे, एकही माणूस वाढवू नका. बाकी कुठल्याही वेळी 'रिप्लाय ऑल' म्हणजे चव्हाट्यावरचं भांडणच. फक्त इथे, चूक सगळ्यांना गेली म्हणून दुरुस्तीही सगळ्यांना जाते.

भेटीनंतर मेल टाकायचा का?

हो, त्याच दिवशी. विषयात फक्त 'ऑइल सील, १३ जून लाइन स्टॉप : तारखा'. मजकूर चार-पाच ओळींचा. 'आज बोलल्याप्रमाणे तारखा खाली देत आहे. सर्टिफिकेट मालासोबतच यावं म्हणून सप्लायरला आज कळवलं आहे. 'कापा'साठी आणखी काही लागल्यास सांगावं.' फक्त साहेबांना. सहकाऱ्याला सीसी नको आणि एचआरलाही नको. लपवून बीसीसी तर कधीच नको, ती एका चुकीच्या 'रिप्लाय'ने उघडी पडते.

इथे 'तुम्ही मान्य केल्याप्रमाणे' असं लिहायचा मोह होतो. साहेबांनी मान हलवली असेल, मान्य केलं असेलच असं नाही. लिहू नका.

साहेबांनी ऐकून घेतलं, पण विश्वास त्याच्यावरच दिसतो. आता?

बऱ्याचदा हा विश्वासाचा प्रश्न नसतोच. साहेबांनी शनिवारीच वर, जनरल मॅनेजरना किंवा ग्राहकाला, 'पर्चेसचा उशीर' असं सांगून टाकलेलं असतं. आता खरं स्वीकारायचं म्हणजे त्यांना स्वतःचं बोलणं मागे घ्यावं लागतं. अशा वेळी पुरावा वाढवून उपयोग होत नाही, पुराव्याचं दडपण जेवढं वाढेल तेवढे ते घट्ट होतात. त्यांना बाहेर पडायला वाट द्या. "शनिवारी हाताशी जी माहिती होती त्यावरून तसंच दिसत होतं, सर. जीआरएनची वेळ नंतर पाहिल्यावर चित्र बदलतं." हे वाक्य ते जसंच्या तसं वर वापरू शकतात, आणि वापरतात.

दुसरं, कुणाचं नाव न घेता खरं कारण देता येतं का ते पाहा. आपल्या उदाहरणात गुरुवार-शुक्रवार स्टोअरमध्ये एकच माणूस होता, दुसरा रजेवर. इन्चार्ज ते बोलून दाखवायला घाबरले, कारण बदली माणूस मागितला नाही ही त्यांचीच ढिलाई ठरली असती. 'कापा'त मूळ कारण 'स्टोअरमध्ये मनुष्यबळ कमी, जीआरएन प्रलंबित राहिली' असं आलं तर ते खरंही आहे आणि त्यात कुणी खोटारडा ठरत नाही. मॅडमना पटलं नाही तरी सहकारी त्याला विरोध करत नाही, आणि ही जमेची बाजू मोठी आहे.

एवढं करूनही साहेब ढिम्म राहिले, तर एकदाच विचारा की लेखी नोंदीत माझं म्हणणं जोडलं जाईल का. ते नाही म्हणाले तर वरच्या साहेबांकडे जाण्याआधी यांना सांगून जा. पाठीमागून गेलात तर तुम्हीही त्याच इन्चार्जच्या पंगतीत बसाल.

हे पुन्हा पुन्हा होतंय. नोंद कशी ठेवू?

एका साध्या वहीत. तारीख, काय म्हटलं गेलं, कुणासमोर, आणि संबंधित कागदाचा नंबर. कागद नाही, नंबर. मनातला राग त्या वहीत लिहू नका, ती उद्या एचआरसमोर उघडावी लागली तर प्रत्येक विशेषण तुमच्यावर उलटतं. तीन-चार नोंदींनंतर त्यात एक आकार दिसायला लागतो. इथे बहुधा असं दिसेल की स्टोअरकडे काम तुंबलं की दोष पर्चेसवर येतो. एचआरकडे तक्रार न्यायचीच झाली तर 'ते माझ्याबद्दल खोटं बोलतात' यापेक्षा 'या चार प्रसंगी नोंद एक होती आणि सांगितलं गेलं दुसरंच' हे जास्त काम करतं.

चोरून रेकॉर्डिंग करू का, हाही प्रश्न याच ओघात येतो. माझं उत्तर नाही असंच आहे. ते ऐकवण्याच्या क्षणी समोरच्याने काय म्हटलं हे बाजूला पडतं आणि तुम्ही फोन चालू ठेवून बोलत होता एवढंच सगळ्यांच्या ध्यानात राहतं. पुढे तुमच्याशी मोकळेपणाने कुणीच बोलत नाही, साहेबसुद्धा.

त्या खोट्यावरून मला मेमो आला. सही करू का?

घेतल्याची सही करा, आणि सहीच्या वर हाताने लिहा : 'फक्त मिळाल्याची पोच' आणि तारीख. नाकारलात तर 'स्वीकारण्यास नकार दिला' हा नवा मुद्दा तयार होतो. मेमोला किंवा कारणे दाखवा नोटिशीला तोंडी उत्तर हे उत्तर नसतं, मग साहेब कितीही म्हणोत की "अहो, फॉर्मॅलिटी आहे." दिलेल्या मुदतीत लेखी, मुद्द्याला मुद्दा असं उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या. ज्या कागदांवरून आरोप ठेवला त्यांच्या प्रती मागा. मुदत कमी वाटली तर ती संपण्याआधी लेखी वाढवून मागा. 'चूक झाली, माफ करा' असं मोघम लिहून प्रकरण मिटवण्याचा सल्ला हमखास मिळेल. ती ओळ तुमच्या फाइलमध्ये कबुली म्हणून राहते.

सरकारी कार्यालयात हेच झालं तर?

तिथे तोंडी खोट्याची परिणती गोपनीय अहवालातल्या शेऱ्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, प्रतिकूल असो वा नसो, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर आपलं म्हणणं मांडता येतं. म्हणून शेरा हातात आला की मुदतीत अभिवेदन द्या. आधार तोच, दुसऱ्याच्या हातची नोंद. तुमच्या टेबलावर फाइल कधी आली आणि कधी पुढे गेली हे आवक-जावक नोंदवहीत असतं, आणि टिपणीवरच्या सहीखाली तारीख असते. प्रतिवेदन अधिकारी ऐकीव गोष्टीवर शेरा देऊन गेले असतील, पण वर पुनर्विलोकन अधिकारी असतात आणि नोंदवही त्यांच्यापुढेही ठेवता येते.

वकिलाची नोटीस पाठवली तर? बदनामी आहे ही.

बदनामीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, त्याआधी तो भारतीय दंड संहितेच्या ४९९-५०० मध्ये होता. पण त्यात अपवाद आहेत. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. स्टोअर इन्चार्ज म्हणणारच की मी वरिष्ठांना मला दिसलं ते सांगितलं. मग त्याची सद्भावना होती की नव्हती यावर वाद घालत बसावं लागतं, तेही रोज त्याच गेटने आत जात. लाइन स्टॉपच्या कारणासाठी हा रस्ता मला तरी फार लांबचा वाटतो. चोरी, अफरातफर असे आरोप लेखी आले असतील तर मात्र वकिलाला लवकर भेटा.

खोटं कामाबद्दल नसून चारित्र्याबद्दल असेल तर?

तर या पानावरची पद्धत बाजूला ठेवा. लैंगिक स्वरूपाची कुजबुज, इशारे, 'तिला प्रमोशन कसं मिळालं' छापाचं बोलणं हे महिलांच्या बाबतीत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. इथे आधी त्या सहकाऱ्याशी एकांतात बोलायला जाऊ नका.

दुरुस्ती झाली हे कसं कळणार? साहेब तर काहीच बोलले नाहीत.

बोलणार नाहीत. 'कापा'त कोणती ओळ आली ते पाहा. पुढच्या वेळी काही अडलं की साहेब तुम्हाला फोन करून विचारतात का, तेही पाहा. पहिल्यांदा त्यांनी एकालाच विचारलं होतं. आता दोघांना विचारायला लागले की झाली दुरुस्ती. माफीची वाट पाहू नका, प्लांट हेड लोकांच्या अंगात ती नसते.

तो सहकारी आता काहीच झालं नाही अशा थाटात चहाला बोलावतो. जाऊ का?

जा. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नाही, आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच्याचकडून जीआरएन करून घ्यायची आहे. चहावर तो विषय काढू नका. एक कामाची गोष्ट मात्र मागा : रोज संध्याकाळी पाचला स्टोअरकडून गेटवर आलेला पण जीआरएन न झालेला माल, त्याची यादी पर्चेस आणि प्रॉडक्शन दोघांना. ईआरपीतून ती एका क्लिकवर निघते. "तुमच्यावरही उगाच येत नाही" असं म्हटलंत तर तो बहुधा हो म्हणेल. त्या यादीत बुधवारी आलेला माल बुधवारीच दिसला असता, आणि पीओच्या तारखेची गोष्ट सांगायची त्याला गरजच पडली नसती.

तो नाही म्हणाला, तर तीच मागणी प्रॉडक्शनच्या माणसाकडून येऊ द्या. लाइन त्याची थांबते, त्याला कुणी नाही म्हणत नाही.